तात्यांनी न जुळवलेला परिच्छेद

"ह्याच्या फुडं मी जुळवणार न्हाय, बापू."

तात्यांनी हातातली स्टिक केसवर ठेवली आणि चष्मा काढला. शुक्रवारची दुपार. शनिवारी सकाळी अंक बाहेर पडायचा आणि पान तीनचा अर्धा कॉलम रिकामा. माझं डोकंच फिरलं.

आमचं साप्ताहिक बारामतीहून निघायचं. छापखाना म्हणजे एक मशीन, अक्षरांच्या खणांच्या दोन लाकडी केसेस आणि कंपोझिटर तात्या. कंपोझिटर म्हणजे शिशाची एकेक अक्षरं चिमटीत धरून ओळ जुळवणारा माणूस. ती धातूची अरुंद पट्टी, ज्यात ओळ बसवतात, ती स्टिक. तात्या वरकुट्याचे, इंदापूरकडचे. तीस वर्षं खिळ्यांत, म्हणजे त्या शिशाच्या अक्षरांत गेलेली. मी जेमतेम सव्वीसचा. बातम्या, बाजारभाव आणि नाटकांची परीक्षणं, सगळं लिहिणारा मीच.

"काय झालं? अक्षर कळत नाही का?"

"अक्षर झ्याक हाय. तेच वंगाळ. ही बगा, खालची कॉपी मी दुमडून ठिवलीया. न्हाईतर वाचून बसलो असतो."

कॉपी म्हणजे माझा हस्तलिखित मजकूर. दुमडलेल्या भागाच्या पहिल्या ओळीवर मी लिहिलं होतं, 'शेवटच्या प्रवेशात ट्रंक उघडते आणि'. पुढे सगळं. त्या ट्रंकेत काय निघतं, ती बाई काय करते, पडदा कसा पडतो.

आता हे चूक होतं हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे परीक्षण असंच लिहायची रीत होती. पौराणिक नाटकाचा शेवट शेंबड्या पोरालाही माहीत, संगीत नाटकाचं कथासार तर नाटकगृहाच्या दारातच विकत मिळायचं. तीच सवय नव्या गद्य नाटकाला लावली, तर नाटकाचा जीवच जातो. ही अक्कल मला त्या दुपारपर्यंत नव्हती.

आणि खरं सांगू? शेवट लिहिल्यावाचून मला राहवलंच नसतं. बुधवारी बारामतीत तो खेळ पाहिला आणि दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. इंदापूरच्या दवाखान्यातल्या एका कंपाउंडरनं लिहिलेलं पहिलंच नाटक. लढाईवरून नवरा परत आला नाही, अशा एका बाईच्या दारात एक परका माणूस ट्रंक घेऊन उभा राहतो. एवढंच. पण ती ट्रंक तीन अंक रंगमंचाच्या मध्यभागी तशीच, आणि माझी नजर तिच्यावरून हलेना. बाई केर काढते तेव्हा ट्रंकेभोवतीनं काढते, हलवत नाही. एक शब्द नाही, आणि काळजात चर्र होतं. अहो, दवाखान्यात बाटल्यांवर लेबलं लावणाऱ्या माणसाला हे सुचलं कुठून?

"तात्या, हट्ट करू नका. पान अडलंय."

"तीस वरसं झाली, बापू. ह्या गावात आलेल्या परत्येक नाटकाचा शेवट मला आधी ठावं. खिळ्यांतनं कळतो. नाटक बघाय गेलं की वाटतं, प्रूफच तपासतोय." त्यांनी धोतराच्या सोग्याला चष्मा पुसला. "ह्या बारीला न्हाय. परवाच्या रईवारी इंदापूरला मी बघायला जानार हाय. त्या बाईचं काम करती ती पोरगी माझी हाय."

"शांताबाई? मास्तरीणबाई?"

"व्हय. थोरली. नाव सासरचं, म्हून तुमाला कळलं न्हाय. बाईमाणूस नाटकात म्हून भावकीनं तोंड वाकडं केलं. मी बी लई दिस बोललो न्हाय तिच्याशी. मग म्हनली, आबा, एकदा बघा, मग काय ते बोला. मी म्हनलं, बघतो. पर मला काय सांगू नगंस."

मी जुळलेल्या ओळींकडे पाहिलं. तिच्या कामावरचा परिच्छेद त्यांचा जुळवून झाला होता. त्यात मी लिहिलं होतं, 'पहिल्या अंकात आवाज दहाव्या रांगेच्या पलीकडे जात नाही.' तात्यांनी त्यातला काना-मात्रा हलवला नव्हता.

तेवढ्यात संपादक अण्णा आले. ऐकून म्हणाले, "वा! कंपोझिटर आता संपादन करणार? अरे, गोष्ट नाही तर लोकांनी वाचायचं काय? कॉलम काय आभाळातनं पडणार?"

"मी भरतो," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं, आता निस्तरणं आलं.

स्टुलावर बसलो. गोष्ट पहिल्या अंकाच्या पडद्यापाशी थांबवली. पुढचा प्रश्न लिहिला, उत्तर नाही. मग उरलेल्या जागेत काय? तेव्हा लक्षात आलं, नाटकाबद्दल मी काही लिहिलंच नव्हतं; नुसती गोष्ट सांगितली होती. आता लिहिलं. रंगवलेले पडदे नाहीत. कापड ताणलेल्या चौकटी खिळून खरी खोली उभी केलीय, तिला बॉक्स सेट म्हणतात. पण दार आपटलं की भिंत हलते, ती आधी ठोका. पाहुण्याचं काम करणारा गृहस्थ संगीत नाटकाच्या सवयीनं प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतो. बाईशी बोला की. संवाद छोटे, बोलीतले, नीट ऐकावेत असे. दुसऱ्या अंकातलं सासूचं लांबलचक भाषण निम्मं करावं. प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून वाक्य पुरवणारा, तिसऱ्या रांगेपर्यंत एकदाही ऐकू आला नाही. तालमी किती झाल्या ते यावरून ओळखावं. आणि शेवटची ओळ: 'अखेरचा धक्का चुकवू नये.'

तात्यांनी ती ओळ खोडली.

"आता काय?"

"धक्का हाय म्हनलं की मी पयल्यापास्नं त्योच हुडकीत बसंन. मग कसला धक्का?"

बरोबर होतं त्यांचं. कपाळ माझं! त्या जागी लिहिलं, 'पाहावे.' अण्णा कपाळाला हात लावून गेले. अंक निघाला.

रविवारी दुपारी इंदापूरच्या शाळेच्या हॉलमध्ये खेळ. अंधार हवा म्हणून खिडक्यांना गावातली घोंगडी ठोकलेली. रंगमंचावर दोन गॅसबत्त्या. उजेड कमी करायचा तर मागून एक माणूस दोरीनं पत्र्याचा डबा बत्तीवर उतरवायचा. दार आपटलं, भिंत हलली नाही. सासूचं भाषण आटोपशीर. शांताबाईंचं पहिलंच वाक्य माझ्या मागच्या भिंतीवर आपटलं. माझं परीक्षण कुणीतरी वाचलं होतं!

शेवटच्या प्रवेशात मी रंगमंचाकडे पाहिलंच नाही. मला शेवट ठाऊक होता, तात्यांना नव्हता. मी तात्यांकडे पाहत होतो. डबा हळूहळू उतरला. ट्रंकेची कडी वाजली. हॉलमध्ये एक खोकलाही नाही. आणि तात्या उभे राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ म्हातारं, बसा की खाली!" त्यांना ऐकूच गेलं नाही. तोंड उघडं, हात पुढे, जणू त्या ट्रंकेपर्यंत पोचायचंय. साठीच्या माणसाचा चेहरा इतका कोरा, इतका नवा मी परत कधी पाहिला नाही.  पडदा पडला तरी ते उभेच.

शांताबाई रंग न पुसताच बाहेर आल्या. "आबा?"

तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  मग म्हणाले, "आवाज पार मागल्या भिताडापातुर येत हुता."

पुढे चाळीसेक वर्षं परीक्षणं लिहिली. शेवट एकाचाही सांगितला नाही. कॉलम कधी रिकामा राहिला नाही. मात्र एवढं लिहायला शिकलो ते एका कंपोझिटरच्या संपामुळे, हे अण्णांना मरेपर्यंत पटलं नाही.

त्या रविवारी खेळानंतर बारामतीच्या यष्टीची वाट पाहताना मी तात्यांना चिडवलं, "आता तर बघून झालं ना? तो दुमडलेला परिच्छेद पुढच्या अंकात जुळवता का?"

तात्यांनी खिशातून माझी ती कॉपी काढली. अजून दुमडलेलीच होती. चार तुकडे केले आणि खिशात परत ठेवले, रस्त्यावर टाकलेसुद्धा नाहीत.

"कुनीतरी ऱ्हायलंच असंल की, बघायचं."