रुजू होण्यास मुदतवाढ मिळणेबाबत

"तीस ते पंचेचाळीस दिवस," असं निवेदिता नव्या कंपनीच्या एचआरला फोनवर म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की आपण थाप मारली. तिच्या सध्याच्या नेमणूकपत्रात राजीनाम्यानंतरचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा होता. पण नोकरीच्या संकेतस्थळावर खरा आकडा टाकला की फोनच येत नाहीत, हे तिला सहा महिन्यांच्या शांततेनंतर समजलं होतं. तिने तिथे 'वाटाघाटीने तीस दिवस' असं लिहिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात तीन कंपन्यांना तिच्यातले गुण दिसले.

निवेदिता एकतीस वर्षांची. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सात वर्षं टेस्टिंगचं काम करत होती. लॉकडाउनमध्ये बुलढाण्याला आली ती आलीच. चिखली रोडवरच्या घरात, वरच्या खोलीत बसून ती एका अमेरिकन विमा कंपनीच्या पोर्टलमधल्या चुका शोधायची. चुका शोधण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. दरवर्षी तिच्या मूल्यमापनात शेरा मात्र एकच यायचा: 'अपेक्षेप्रमाणे'.

नव्या कंपनीचं ऑफर लेटर आलं तेव्हा त्यात जॉइनिंगची तारीख होती सोळा जून. निवेदिताने दोन मेला ऑफर स्वीकारली, पाच मेला राजीनामा दिला, आणि कंपनीच्या प्रणालीने त्याच क्षणी उत्तर दिलं: शेवटचा कामाचा दिवस, दोन ऑगस्ट.

तिने मॅनेजरला फोन लावला. धवल तिच्याच वयाचा, बोलायला गोड.

"मला सहा जूनला सोड ना. उरलेल्या दिवसांचा बायआउट करते मी."

"निवेदिता, तुला सोडलं तर प्रोजेक्ट कोसळेल गं. तू आमचा कणा आहेस."

"मूल्यमापनात तर तसं नव्हतं लिहिलं."

"ते वेगळं असतं," धवल म्हणाला. "आणि करारात वाच. बायआउट व्यवस्थापनाच्या मर्जीवर आहे. मर्जी नाहीये."

ती खाली आली. वडील, चिंतामणराव, ओसरीत पेपर वाचत होते. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं लिपिक होते, आस्थापनेच्या टेबलावर. बदल्या, रजा, हजर होणं, न होणं हाच त्यांचा प्रांत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण खिशाला पेन अजून होतं.

"बायआउट म्हणजे काय म्हणली तू?" त्यांनी विचारलं. वरचं बोलणं जिन्यातून खाली येतच असे.

"नोटिशीचे जेवढे दिवस भरले नाहीत, तेवढ्या दिवसांचा मूळ पगार आपण कंपनीले द्याचा. मग ते लवकर सोडतात."

"म्हणजे नोकरी सोडाले आपणच पैसे द्याचे?"

"हो."

चिंतामणरावांनी पेपरची घडी केली. "आमच्या काळात लोक नोकरी लागाले पैसे देत असं ऐकलं होतं. सोडाले देतात हे नवीन आहे. पण द्याले तयार असून घेत नाहीत, हे तर लयच नवीन आहे."

आता एकच मार्ग होता: नव्या कंपनीला मेल पाठवून तारीख पुढे मागायची. निवेदिताने दुपारभर बसून मेल लिहिली. चार परिच्छेद झाले. पहिल्यात ती संधीबद्दल अत्यंत उत्साही होती. दुसऱ्यात चालू प्रकल्पाची जबाबदारी, घरगुती अडचण आणि 'ज्ञान हस्तांतरण', म्हणजे काम दुसऱ्याला समजावून देणं, अशी तीन कारणं होती. तिसऱ्यात तिने दोनदा माफी मागितली होती. चौथ्यात लिहिलं होतं, 'मी शक्य तितक्या लवकर रुजू होण्याचा प्रयत्न करीन.'

चहा घेऊन वर आलेल्या वडिलांनी ती उभ्यानेच वाचली. इंग्रजी त्यांना सावकाश पण पक्कं येत असे.

"हे काऊन लिहून राह्यली तू?"

"तारीख वाढवून पाहिजे म्हणून."

"तारीख कुठाय इच्यात?"

निवेदिताने मेल पुन्हा पाहिली. तारीख खरंच नव्हती.

"शक्य तितक्या लवकर असं लिहिलं की साहेब आपल्या मनाची तारीख टाकते. तू तुई तारीख टाक. अन् कारण एकच लिहिजो. तीन लिहिली की साहेबाले वाटते तिन्ही खोटी. माफीची वाक्यं काढ. चूक केली असली तरच माफी."

"चूक तर केली ना बाबा. मी पंचेचाळीस दिवस सांगितले होते."

"मग ते एका ओळीत लिही. लवकर सुटका मागितली, त्याईनं नाही म्हटलं. नकाराचा कागद आहे का तुयाजवळ?"

धवलने फोननंतर मेलवरही नकार कळवला होता, अतिशय गोड शब्दांत. राजीनामा स्वीकारल्याची मेलही होती, तिच्यात दोन ऑगस्ट ही तारीख.

"दोन्ही जोड. कागद बोलला की माणसाले बोलाव लागत नाही."

मेल सात ओळींची झाली. विषय: जॉइनिंगची तारीख सोळा जूनऐवजी चार ऑगस्ट करण्याची विनंती. आत: ऑफर स्वीकारताना मी पंचेचाळीस दिवसांचा अंदाज दिला होता, बायआउटची विनंती कंपनीने नाकारली आहे, शेवटचा दिवस दोन ऑगस्ट निश्चित आहे, सोबत दोन्ही मेल जोडल्या आहेत, चार ऑगस्टला रुजू होईन, त्याआधी सुटका झाली तर लगेच कळवीन, कृपया बुधवारपर्यंत उत्तर मिळावं. चिंतामणरावांना 'आपली विश्वासू' हवं होतं, ते निवेदिताने गाळलं.

मंगळवारीच उत्तर आलं. नव्या कंपनीच्या एचआरमध्ये आरोही नावाची मुलगी होती. चार ऑगस्ट मंजूर, सुधारित ऑफर लेटर सोबत. आणि जुन्या कंपनीचं मन बदललंच तर बायआउटची रक्कम आम्ही परत करू, पण वर्षाच्या आत सोडून गेलात तर ती वसूल होईल.

चिंतामणरावांनी सुधारित पत्राचा प्रिंट काढायला लावला. जिजामाता चौकातल्या दुकानातून तो घेऊन घरी येईपर्यंत त्यांनी तीन ओळखीच्या माणसांना ही गोष्ट सांगितली.

सगळं नीट लागलं असं वाटत असतानाच एकोणतीस मेला धवलचा फोन आला. आवाज तोच, गोड.

"निवेदिता, तुझ्यासाठी गुड न्यूज आहे. तुला सहा जूनला सोडतोय आम्ही."

"बायआउट?"

"काहीच भरायचं नाही. क्लायंटने प्रोजेक्ट काढून घेतलं. तुला द्यायला काम नाही."

"आणि उरलेल्या दोन महिन्यांचा पगार?"

"करारात वाच ना. राजीनाम्यानंतर कंपनी लवकर सोडू शकते. तेही व्यवस्थापनाच्या मर्जीवर आहे."

कणा असलेल्या माणसाला आठ दिवसांत मोकळं करण्यात आलं. निवेदिताला आधी हसू आलं. मग तिने कॅलेंडर पाहिलं. सहा जूनला सुटका, चार ऑगस्टला नवी नोकरी. सोळा जून, जी तारीख तिने एवढ्या मेहनतीने मोडून घेतली होती, ती आता तिला अगदी सोयीची होती.

तिने आरोहीला मेल केली. मिनिटभरात आपोआप उत्तर आलं: आरोही आता या कंपनीत नाहीत, कृपया सुचिता यांच्याशी संपर्क साधा. सुचिताने फोनवर सांगितलं की आरोहीला दुसरीकडे चांगली संधी मिळाली. तिचा नोटीस पिरियड बायआउट झाला, त्यामुळे ती लगेच गेली.

"मला मूळची सोळा जूनची तारीख परत मिळेल का?" निवेदिताने विचारलं.

"मॅम, तुमच्या विनंतीवरूनच बदललीय ती," सुचिता म्हणाली. "सोळा जूनला रुजू होणाऱ्यांची बॅच भरली. प्रणालीत तारीख एकदाच बदलता येते. परत बदलायची तर वरची मंजुरी लागेल. तुम्ही मेल टाका."

निवेदिता खाली आली आणि ओसरीच्या पायरीवर बसली. आई, प्रतिमाताई, गवार मोडत होती. चिंतामणरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"चौतीस वर्षांत मुदतवाढीचे हजारेक अर्ज पाह्यले असतीन मी," ते म्हणाले. "मंजूर झालेली मुदतवाढ वापस घ्या, असा अर्ज एकही नाही पाह्यला."

"तुम्ही स्वतः कधी केला होता का अर्ज? मुदतवाढीचा?"

ते आईकडे बघायला लागले. उत्तर आईनेच दिलं.

"तू पोटात होती तवा. यायले बढती लागली होती, वरिष्ठ लिपिकाची. मेहकरले. मले डॉक्टरनं हालाचं नाही म्हणून सांगितलं होतं. तुई आजी जानेफळले आजारी पडलेली. घरात दुसरं माणूस नाही. तीन महिने मागितले यायनं."

"अन्?"

"तिन्ही कारणं लिहिली," चिंतामणराव म्हणाले. "तिन्ही खरी होती. साहेबानं अर्जावर लिहिलं, 'सबब पटत नाही. आठ दिवसांत हजर व्हावे, अन्यथा बढती नाकारली असे समजण्यात येईल.' मी हजर झालो नाही. त्याच टेबलावर बसलो. मंग लोकाईचे अर्ज आले की मी बाजूले घ्याचो, म्हणाचो, बाबू, कारण एकच लिही."

 आपल्यामुळे एक बढती गेली हे एकतीस वर्षांत निवेदिताला कधी कळलं नव्हतं. वडिलांना त्याचं काही वाटत असलं तरी ते दिसत नव्हतं. ते चष्मा पुसत होते.

"चाल," ते म्हणाले, "लिहू. मंजुरी देणाऱ्याले नकार देणं सोपं जाऊ नाही, असं लिहाव लागते."

या वेळी मेल पाच ओळींची झाली. सहा जूनला सुटका होत आहे, पत्र जोडलं आहे. नऊ जूनपासून ऑगस्टपर्यंतच्या कोणत्याही बॅचला रुजू होऊ शकते. सर्वांत जवळची तारीख कोणती, एवढंच कळवावं. या वेळी तारीख मागितली नव्हती, याचं निवेदिताला आश्चर्य वाटलं.

"मागच्या वेळी तारीख त्याईच्या हातात जाऊ द्याची नव्हती," चिंतामणराव म्हणाले. "आता त्याईच्याच हातात आहे. मंग तिले धरून काय ओढतं?"

नऊ दिवसांनी मंजुरी आली: चौदा जुलै.

मधले पाच आठवडे निवेदिता बिनपगारी, बिनकामी घरी होती. वडिलांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं रखडलं होतं, कारण तिला सलग रजा मिळत नसे. ते याच दिवसांत झालं. तिने दिवसातून चार वेळा थेंब टाकले आणि त्यांना पेपर वाचून दाखवला. तालुक्याच्या बातम्या ते दोनदा वाचायला लावत.

चौदा जुलैला कुरिअरने आलेला नवा लॅपटॉप उघडून ती वरच्या खोलीत बसली. दोन तास स्वागत, धोरणं, ओळखी झाल्या. मग नवा मॅनेजर, आल्हाद नावाचा, कॅमेऱ्यावर आला. थकलेला दिसत होता.

"वेलकम, निवेदिता. बरं झालं तुम्ही आलात. आम्ही सोळा जूनपासून तुमची वाट बघतोय. टेस्टिंगला माणूसच नाही. महिनाभर डेव्हलपर एकमेकांच्या चुका पास करतायत."

"पण मला सांगितलं की सोळाची बॅच भरलीय."

"हो?" आल्हाद म्हणाला. "आम्हाला सांगितलं की तुम्हाला वेळ हवाय."

 मग आल्हादने तिला चुकांची यादी उघडून दाखवली. दोनशे बारा होत्या. निवेदिताने खुर्ची पुढे ओढली आणि पहिलीवर बोट ठेवलं.

"ही चूक नाही," ती म्हणाली. "ही दोन चुका आहेत."