आधी खालचं कुलूप

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी एकटाच प्रोग्रॅमर होतो. अंबड, भोकरदनची विक्री केंद्रं फोनच्या लाइनवरून माझ्या सर्व्हरला बियाण्याच्या लॉटचा साठा विचारायची. लॉट नंबर मेमरीतल्या एका सर्च ट्रीमध्ये, म्हणजे वरून खाली फांद्याफांद्यांनी शोधत जायच्या रचनेत होते. प्रत्येक केंद्राचं काम करणारा प्रोग्रॅमचा वेगळा धागा, थ्रेड होता, पण एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप सगळ्या ट्रीला एकच. एक थ्रेड लॉट शोधून डिस्कवरून साठा वाचेपर्यंत बाकीचे ताटकळायचे. पेरणीच्या दिवसांत तर सगळंच खोळंबायचं.

म्हणून मी प्रत्येक नोडला, म्हणजे ट्रीतल्या एकेका लॉटच्या जागेला, वेगळं कुलूप दिलं. थ्रेड वरच्या नोडचं कुलूप सोडून खालच्याचं घ्यायचा. त्यानंतर सर्व्हर मधूनच बंद पडू लागला. ऑफिसात विचारावं असं कुणी नव्हतं. शेवटी पुण्यातल्या जुन्या वर्गमित्राला फोन लावला.

"तू वरचं सोडतो अन् खालचं घेतो, तेवढ्यात दुसरा थ्रेड संपलेल्या लॉटचा खालचा नोड काढून टाकत असंल," तो म्हणाला. "आधी खालचं घे, मंग वरचं सोड. नोड काढणाऱ्यानं काम होईपर्यंत दोन्ही धरून ठेवायची."

"बराबर आहे. बाकी घरी कसं काय?"

"मीटिंग आहे रे, नंतर बोलू."

तसा बदल केला आणि सर्व्हर पुन्हा पडला नाही. दुपारी साहेब दारात आले.

"आज जल्दी चालून राह्यलंय. लाइन सुधरली का?"

"लाइन तीच आहे साहेब. मी प्रत्येक नोडला..."

ते पुढे निघून गेल्ते. मी स्क्रीनसमोरच डबा उघडला.