गोणीचं वजन वजा करून

प्रेमा मोंडकर मरोळच्या मसाल्याच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं माल उतरवून घ्यायची. धणे, मिरची, हळद, जे काही ट्रकमधून येईल ते काट्यावर चढवायचं, गोणीचं वजन वजा करायचं आणि मगच पावतीवर सही. व्यापाऱ्यांची माणसं तिच्यावर जाम वैतागलेली असत. ‘बाई, किलोभर गोणीसाठी काय अडवताय?’ असं कोणी म्हणालं की ती म्हणायची, ‘मग किलोभर मिरची जास्त घाला, सोडते.’ नवरा गेला तेव्हा मुलगी श्रुतिका चौथीत होती. असल्फाच्या टेकडीवरच्या त्याच दोन खोल्यांत राहून तिने पोरीला शिकवलं, नोकरीला लावलं, आणि कुणापुढे हात पसरला नाही.

मी तिची शेजारीण. नाव गंधाली. महापालिकेच्या शाळेत आठवीला गणित शिकवते, आणि हे सांगताना मला लाज वाटते, कारण या गोष्टीत गणित चुकलं ते माझं.

कारखाना गेल्या मार्चमध्ये भिवंडीला हलला. प्रेमाताईच्या हातात ग्रॅच्युइटीचे साडेतीन लाख आले. बावन्नाव्या वर्षी नोकरी गेल्यावर हाताशी म्हणून एवढीच रोख पुंजी होती. आठ दिवसांत तिचा दीर चंद्रप्रकाश मुलाला घेऊन दारात हजर. मुलगा निलेश बँकेत विमा विकतो. पाच वर्षांपूर्वी त्यानेच काकीला युलिप दिली होती, म्हणजे ज्यात विमाही असतो आणि पैसे बाजारातही गुंतवले जातात ती पॉलिसी. वर्षाला पन्नास हजारांचा हप्ता, पाच लाखांचा विमा. तेव्हा प्रेमाताईने न वाचता सही केली होती. गोणीवर किलोभर न सोडणारी बाई, पण पुतण्या म्हटल्यावर डोळे मिटले. तशीच एक पॉलिसी निलेशने मलाही दिली होती आणि मीही डोळे मिटलेच होते, मला तर तो पुतण्याही नव्हता.

‘काकी, बघ,’ निलेशने मोबाइल पुढे केला. ‘युनिटचा भाव वीसवरून तीस रुपये सात पैशांवर. पाच वर्षांत. वर्षाला साडेआठ टक्के पडले ना? झकास चाललंय. आता ग्रॅच्युइटी नव्या पॉलिसीत टाकू. वर्षाला एक लाख. तीन हप्ते तर तुझ्या हातातच आहेत.’

‘आणि चौथा कुठून भरू?’

‘तेव्हाचं तेव्हा बघू गं.’

प्रेमाताईने चहा दिला आणि म्हणाली, ‘पुढच्या रविवारी ये. सही करायची की नाही ते तेव्हा सांगते.’

तो आठवडाभर ती पाचही वर्षांची वार्षिक विवरणपत्रं घेऊन बसली. मी जाऊन फुशारकीने म्हटलं, ‘सोपं आहे. भरले अडीच लाख, आज झाले दोन लाख पंच्याऐंशी हजार तीनशे तीस. पस्तीस हजार सुटले. म्हणजे चौदा टक्के, भागिले पाच, वर्षाला तीनही नाहीत. चोर आहेत मेले!’

‘गंधाली, शेवटचा हप्ता एकच वर्ष आत होता ना? त्याला पाच वर्षांचं व्याज कसं मागतेस?’ ती म्हणाली. ‘निलेशलाही काट्यावर फसवायचं नाही.’

मी माझा भागाकार मागे घेतला.

तिने कापलेले पैसे एका वहीत मांडले. हप्ता भरला की गुंतवण्याआधीच त्यातले चार टक्के जात होते, पाच वर्षांचे दहा हजार. पॉलिसी चालवण्याचा खर्च महिन्याला सव्वाशे, त्याचे साडेसात हजार. विम्याची किंमत सहा हजार आठशे. या सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी. एकूण अठ्ठावीस हजार सहाशे चौऱ्याहत्तर. फंड सांभाळण्याचा खर्चही तिने आधी मिळवला होता, पण मग खोडला. ‘हा खर्च युनिटं कमी करत नाही. भाव ठरतानाच कापलेला असतो. दोनदा धरला तर माझीच लबाडी.’ बाकीचे खर्च मात्र भावात दिसत नाहीत, ते आधी हप्त्यातून आणि मग दर महिन्याला युनिटं मोडून जातात. निलेश दाखवत होता तो भाव होता, प्रेमाताईच्या हातात किती युनिटं उरली ते तो दाखवत नव्हता.

रविवारी बापलेक आले. प्रेमाताईने निलेशच्या हातात श्रुतिकाचा कॅल्क्युलेटर दिला.

‘तूच दाब. पन्नास हजार, गुणिले एक पॉइंट शून्य चार पाच. त्यात पन्नास हजार मिळव, परत गुण. पाच वेळा.’

‘हे काय आहे?’

‘साडेचार टक्क्यांनी कुठेही ठेवले असते तर किती झाले असते ते.’

चंद्रप्रकाश भडकला. ‘वैनी, तू घरच्या पोराचो हिशोब तपासतस?’

‘घरचो म्हणान तपासतंय, भावजीनू. भायरचो असतो तर दाराभायरच ठेवलो असतो.’

निलेशने पाच वेळा गुणलं. दोन लाख पंच्याऐंशी हजार आठशे पंचेचाळीस. विवरणपत्रातल्या रकमेपेक्षा पाचशे पंधरा जास्त.

‘म्हणजे साडेचारसुद्धा पुरते नाहीत,’ प्रेमाताई म्हणाली. ‘भाव साडेआठने वाढला, माझे पैसे साडेचारने.’

‘पण काकी, विमा पण होता ना पाच लाखांचा!’

‘होता. तो मी फुकट मागत नाही. विम्याचे पैसे परत मिळवून पाहिलं, तरी साडेपाचाच्या थोडंच वर जातं. बाकीचं काय?’

‘पुढे चार्ज कमी होतात. दहा वर्षं थांबायला हवं.’

तिने पॉलिसीची पुस्तिका त्याच्यासमोर उघडून ठेवली. ‘कुठे लिहिलंय दाखव. मला दहाही वर्षं चार टक्केच दिसले.’

त्याने पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग पुस्तिका मिटून हळूच म्हणाला, ‘काकी, शप्पथ, हे असं कोणी मांडून दाखवलंच नव्हतं. आम्हाला भाव दाखवायलाच शिकवतात.’

मला त्या पोराची कीव आली. प्रेमाताईला आली की नाही, सांगता येत नाही. ‘आता शिकलास ना?’ ती म्हणाली. ‘मग दुसऱ्या कुणाला दाखवताना हेही दाखव.’

‘माझं टार्गेट...’

‘तुझ्या टार्गेटसाठी मी सत्तावीस वर्षं मिरचीची धूळ खाल्ली नाही रे.’

चंद्रप्रकाश उठला. गणपतीला गावच्या घरात पाय ठेवू नकोस, असं जाता जाता बोलून गेला. त्या घराच्या कौलांचे निम्मे पैसे प्रेमाताईने दिले होते. ‘पाय ठेवीन,’ ती जिन्यावरून ओरडली, ‘माझ्या कौलांखाली ठेवीन!’ सगळ्या चाळीने ऐकलं. मला इतका आनंद झाला की मी घरात जाऊन एकटीच हसले.

सोमवारी आम्ही दोघी बँकेत गेलो. ग्रॅच्युइटीची तिने मुदत ठेव केली. जुन्या पॉलिसीची पाच वर्षं पुरी झाली होती, बंद करण्याचा दंड नव्हता, श्रुतिका कमावती होती आणि विम्यावर आता कोणी अवलंबून नव्हतं. पॉलिसी बंद करायचा अर्ज तिने निलेशच्याच टेबलावर मागितला आणि त्यानेही मान खाली घालून दिला. अर्जात कारणांचे चौकोन होते: पैशांची निकड, आजारपण, परगावी जाणं. प्रेमाताईने एकाही चौकोनावर खूण केली नाही. ‘इतर’ समोरच्या रेघेवर, मालाच्या पावतीवर लिहायची तशा ठसठशीत अक्षरात तिने लिहिलं, ‘गोणीसकट वजन साडेआठ, निव्वळ माल साडेचार.’ खाली सही केली.

मग पेन माझ्या हातात दिलं. ‘तुझी विवरणपत्रं आणलीस का?’