आईचे घोटे आणि माझा तपास

माझ्या नोकरीची बरीच वर्षं परीक्षेच्या वर्गात फिरण्यात गेली. कोण बाहीत चिठ्ठी लपवतंय, कोण पट्टीवर सूत्रं लिहून आलंय, हे मला दारातूनच कळतं असा शाळेत माझा लौकिक आहे. मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? पण एका वर्षी मी तीच नजर घरी आणली आणि आपल्या आईवर लावली.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बाबा गिरणीत होते, तेव्हापासून ती मुंबईत. पण बोलण्यातलं मालवणी गेलं नाही आणि जेवणातलं सुकंही गेलं नाही. सुके बोंबील, सोडे, खारवलेला बांगडा ही तिच्या लेखी भाजीच. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे मुलुंडला राहायला आली. नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी, मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच.

ती आल्यावर मी पहिलं काम केलं ते तिचं जमिनीवर बसणं बंद करण्याचं. गुडघे दुखतात आणि पाय पसरून जमिनीवर भाजी निवडत बसते, मग उठताना कण्हते. मी उंच, हातांची, चांगली घट्ट गादीची खुर्ची आणली आणि बाल्कनीच्या दाराशी ठेवली. आई जेमतेम पाच फूट. खुर्चीवर बसली की तिची पावलं जमिनीला टेकायची नाहीत, लोंबकळायची. ते मी रोज बघत होते. आई किती गोड दिसते, एवढंच माझ्या मनात यायचं.

गणपतीनंतर एका संध्याकाळी मी शाळेतून आले, तर तिच्या चपलेचा पट्टा पावलात रुतला होता. दोन्ही घोटे गोल, चकचकीत, हाड कुठे ते दिसतच नव्हतं. सकाळी पाहिलं तर पाय जवळजवळ नेहमीसारखे. संध्याकाळी पुन्हा तसेच.

"मीठ," मी म्हटलं. "सुकं बंद."

आईने वाद घातला नाही. "बरा," म्हणाली. सुक्याचा डबा मी त्याच दिवशी शाळेतल्या शिपाईबाईंना देऊन टाकला. लोणचं, पापड, फरसाण सगळं घरातून गेलं. आठवड्यानंतरही पाय सुजतच होते, तेव्हा मी आमटीभाजीही अळणी केली. माझ्यासाठी वेगळं मीठ वरून घ्यायचे. तिच्या भाकरीत चिमूटही नाही. कुणीतरी सांगितलं की अंगात पाणी साठलंय तर पाणी कमी प्यायला हवं. ते मला एकदम पटलं. ऑक्टोबरचा उकाडा, आणि मी तिला दिवसाला एक बाटली भरून द्यायचे. माझ्या मते शिस्त लागली होती.

सूज मात्र हटेना. आता वर्गात उत्तरपत्रिका जुळल्या की मी काय म्हणते? कुणीतरी बघून लिहिलंय. इथेही मी तेच म्हटलं.

"आई, तू चोरून खातेस."

"नाय गो. खंयचा खातलंय? घरात हा काय?"

घरात काही नव्हतं, हे खरं. मग माझा संशय शेजारच्या काकूंवर गेला. त्याही कोकणातल्याच. दुपारी आई त्यांच्याकडे जायची, दोघी गॅलरीतून फेऱ्या मारायच्या, गप्पा व्हायच्या. मी एका संध्याकाळी त्यांच्या दारात उभं राहून, आई माझ्या मागे उभी असताना, म्हणाले, "काकू, हिला खारं काही देत जाऊ नका. हिच्या जिवाशी खेळ आहे हा." काकूंचा चेहरा उतरला. "मी चहाशिवाय काय नाय दिला हो," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून आईचं तिकडे जाणं बंद झालं. म्हणजे दुपारच्या त्या फेऱ्याही बंद झाल्या आणि ती दिवसभर माझ्या उंच खुर्चीवर पाय लोंबकळत बसू लागली. सूज घोट्यांवरून वर नडगीपर्यंत चढली. मी त्याचा अर्थ काय काढला असेल? आता ती जास्तच खातेय, असा.

यापुढचं लिहायला मला जड जातं, पण लिहिणार आहे. एका संध्याकाळी घरात शिरल्यावर मला सुक्या मासळीचा वास आला. खालच्या मजल्यावरून येत असेल, इमारतीत दहा घरं तरी मासे खाणारी आहेत. मी पर्स खाली टाकली, आईच्या खुर्चीपाशी गेले, तिचा उजवा हात धरला आणि बोटं नाकाशी नेऊन हुंगली.

बोटांना साबणाचा वास होता. आईने हात सोडवून घेतला नाही. उलट दुसरा हातही तिने आपणहून पुढे केला. मी तोही हुंगला. त्याची आठवण झाली की आजही माझे कान तापतात.

चारपाच दिवसांनी, रविवारी सकाळी, ओट्याशी उभी असताना आईला गरगरलं. ती ओट्याची कड धरून हळूहळू खाली बसली. पडली नाही, हे नशीब. मी रिक्षा केली आणि तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. रविवार असून ते सकाळचे दोन तास बसतात.

डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं आजी?" आईने उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मीच बोलायला लागले. सूज, मीठ, सुकं, पाणी, आणि हो, ती ऐकत नाही, चोरून खाते, हेही. आई टेबलावर पाय पसरून पडली होती, छताकडे बघत.

डॉक्टरांनी माझं सगळं ऐकलं. मग आईच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला, तर तिथे खळगा राहिला. दुसऱ्या पायावरही तसाच. दोन्ही पोटऱ्या चाचपल्या, दुखतंय का विचारलं. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. चालताना दम लागतो का, रात्री आडवं पडल्यावर श्वास कोंडतो का, उशा वाढवाव्या लागतात का, लघवी कमी होते का, दिवसभर खुर्चीवरच बसता का? हे सगळं त्यांनी आईला विचारलं आणि मी तोंड उघडलं की हात वर केला. बीपी नेहमीपेक्षा कमी भरलं. लघवीची, रक्ताची तपासणी आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सांगितली.

"गोळ्या बघू."

मी फाइल काढली. माझी फाइल नेहमी अद्ययावत असते, तारखेवार. डॉक्टरांनी त्यांचीच एक जुनी चिठ्ठी काढून माझ्यासमोर सरकवली. गणपतीच्या आधी त्यांनी बीपीची गोळी दुप्पट केली होती. खाली त्यांच्याच अक्षरात मराठीत लिहिलं होतं, पाय सुजल्यास कळवा.

"तेव्हा बोललो पण होतो मॅडम. तुम्ही फोनवर होता."

मला आठवलं. शाळेतून फोन आला होता, सहामाहीच्या वेळापत्रकाचा. मी चिठ्ठी घेतली, भोक पाडलं आणि फाइलला लावली. वाचली नाही. मुलांना मी आयुष्यभर सांगत आले की प्रश्न नीट वाचा.

"या जातीच्या गोळीने काही लोकांचे घोटे सुजतात," ते म्हणाले, "डोस वाढला की जास्त. मिठाचा त्यात फारसा दोष नाही. त्यात वय झालं की पायातलं रक्त वर चढवणाऱ्या शिरा सैल होतात. पोटरी हलली की ते वर ढकललं जातं, आणि या तर दिवसभर बसून असतात. पाय टेकतात का खुर्चीवरून?"

"नाय," आई म्हणाली. त्या दिवशी तिने माझ्याकडे न बघता दिलेलं ते पहिलं उत्तर.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आपल्या मनाने बीपीची गोळी कधी बंद करायची नाही, असं मला दोनदा बजावलं. मीठ बेताने, पण जेवण अळणी नको; मीठ आणि पाणी तोडल्यानेच बीपी उतरून गरगरलं. पाणी तहान लागेल तसं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असता तर किती प्यायचं ते मीच सांगितलं असतं, म्हणाले. खुर्चीसमोर पाट ठेवायचा. दर तासाला उठून घरात फेरी. बसल्या बसल्या पावलं वरखाली करायची. दुपारी आणि संध्याकाळी अर्धा तास आडवं होऊन पायाखाली उशा, पाय छातीपेक्षा वर. घट्ट मोजे हवेत तर आधी त्यांना विचारायचं. आणि एकच पाय सुजला, दुखला, लाल झाला, किंवा दम लागला, तर त्यांची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

तपासण्या ठीक आल्या. दोन आठवड्यांत सूज उतरत गेली. मी काकूंच्या दारात जाऊन माफी मागितली. त्या "असूं दे" म्हणाल्या आणि आईला हाताला धरून फेऱ्यांना घेऊन गेल्या. आईची माफी मागायची मात्र राहिली. रोज संध्याकाळी ठरवायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं. मुलांकडून एका मिनिटात माफी वदवून घेणारी बाई मी.

शेवटी एका संध्याकाळी ती पलंगावर पडली होती, उशांवर पाय ठेवून. घोट्याचं हाड पुन्हा दिसत होतं. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, गोळीमुळे होतं ते. तू काही केलं नव्हतंस."

ती कोपरावर उठली. "म्हणजे मी खाऊक नाय ना?"

मला कळेना. "कधी?"

"तू रोज सांगी होतस, खातस म्हणून. तू खोटा कशाक बोलशीत? शिकलेली तू. माका वाटला, मीच खंय जावन खातंय आणि इसारतंय." मग तिने सांगितलं की दुपारी मी नसताना ती मिठाच्या बरणीला पदराचा दोरा काढून बांधायची, दोन गाठी मारून. संध्याकाळी मी यायच्या आधी गाठी मोजायची आणि सोडून टाकायची. आपण उघडली का, ते कळावं म्हणून. गाठी तशाच असायच्या, पण तिचा विश्वास बसायचा नाही. सोडून परत बांधल्या असतील आणि तेही विसरलो असू, असं तिला वाटायचं. तिच्या थोरल्या बहिणीचं शेवटी तसंच झालं होतं, घरची माणसंही ओळखेना.

"नाही आई," मी म्हटलं. "तू काहीच खाल्लं नाहीस. तुझं डोकं अगदी शाबूत आहे."

"खरा?"

"खरं."

ती परत उशीवर पडली आणि हसली. मी तयार करून आणलेली माफी तोंडातच राहिली. माझ्यावर रागवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला वेड लागत नव्हतं, एवढ्यावरच ती खूश होती. मला म्हणाली, "बरा झाला बाय, तू सांगितलंस ता."