चांदभाईंची मोरी आणि सावित्रीबाईंचा दगड

चिंचवडच्या चांदभाई गवंड्याइतका स्वतःच्या कामावर जीव असलेला माणूस मी पाहिला नाही, आणि इतका बढाईखोरही नाही. पिंपरीत आमच्या कारखान्याची वसाहत उठली तेव्हा मोऱ्यांचं सगळं काम त्यांनी केलं. "फरशी काय पानी आडवत न्हाई, मारुतराव," ते मला ऐकवायचे, "फरशी आपली पाय ठेवायला. पानी आडवतो त्यो खालचा थर."

तो थर म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटात बसवायचे, त्यांना पाणी जायच्या भोकाकडे उतार द्यायचा, त्यावर पाणी न शोषणारी पूड घातलेला गिलावा करायचा, आणि तोच गिलावा कोपरे गोल करून भिंतीवर हातभर चढवायचा. मग भोक बुजवून मोरी पाण्याने भरून ठेवायची. खालचं छत कोरडं राहिलं, तरच वर शहाबादी फरशी. आमच्या छतावर त्यांनी स्वतः तळहात फिरवून पाहिला होता. "माजं काम गळलं, तर थापी पवना नदीत टाकीन," हे तेव्हाच चार लोकांदेखत बोलून झालं होतं.

आणि आमचं छत गळलं. तेही मोरीत नाही, स्वयंपाकघरात, पंख्याच्या हुकाशी. थेंब नेमका परातीतल्या पिठात. माझी बायको यशोदा सोवळ्याची. वरच्यांच्या अंघोळीचं पाणी आपल्या भाकरीत, या कल्पनेनेच ती दिवसातून तीनदा डोक्यावरून पाणी घेऊ लागली. मी पाळीवरून दमून यावं आणि घरात ओलेत्याने रामनाम चाललेलं असावं. माझं डोकं फिरलं.

वर रंगराव आणि सावित्रीबाई राहायचे, साताऱ्याकडचे. मी जाब विचारायला गेलो, तर रंगराव म्हणाले, "हुकाच्या वर आमची चूल हाय, राव. तितं पानी कुठनं येनार?" पुढे ते दोघं आठवडाभर गावी गेले, तरी थेंब चालूच. परतल्यावर सावित्रीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घरात मानूस न्हाई, आन् आंगोळ कुनी केली? भुतानं?"

मी चांदभाईंना बोलावून आणलं. त्यांचा चेहरा उतरला होता, तोंड मात्र चालूच होतं. "पानी एकदा थराखाली गेलं की विटांचे तुकडे ते पिऊन बसतात. मग हळूहळू सोडतात, मानूस गावी असला तरी. स्लॅबवरून सरकत सरकत जिथं चीर गावंल, तिथं टपकतं. हुकाशी भोक हायेच. पन माज्या थरातून पानी जाईलच कसं?"

त्यांनी वरच्या मोरीचं भोक चिंध्यांनी बुजवलं आणि वीतभर पाणी भरलं. आम्ही सगळे दारात उभे. चांदभाई उकिडवे बसून पाहत होते. कोपरे ठीक. भोकाभोवतीही ठीक. मग कपडे धुवायच्या दगडाशेजारून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. नंतर रांगच लागली.

"हा दगड कुनी बसवला?" चांदभाई गरजले. "छिन्नी मारल्याशिवाय ह्यो आत गेलाच न्हाई! माजा थर फोडनाऱ्या गाढवाचं नाव सांगा मला!"

सावित्रीबाईंनी पदर तोंडाशी धरला. "चांदभाई, तुमीच की! गुळगुळीत फरशीवर गोधडी आपटत न्हाई म्हनून मी नदीवरनं दगड आनवला. तुमी चकल्या खाल्ल्या, आन् बसवून दिला."

हसू आवरता आवरेना, पण चांदभाईंकडे पाहून ते गिळावं लागलं. "ते... ते मी कामात धरलंच न्हवतं, भाभी," ते पुटपुटले. "सिमेंट भरलं होतं कडेनं." रोज गोधड्या आपटून त्या सिमेंटाला भेग पडली होती. वरून पाणी आत, खालून हवा बाहेर. त्यांनी थापी पिशवीत घातली आणि नदीच्या वाटेला लागले. खरंच लागले. मला वाईट वाटलं.

आमच्या दारातून यशोदा ओरडली, "कुठं निघालात? थापी पाण्यात टाकलीत तर माझं छत कोण धड करणार? आधी मोरी फोडा!"

चांदभाई माघारी फिरून वर गेले. दगड उपटला, ओले तुकडे काढले, सगळं वाळू दिलं, थर नव्याने केला आणि पुन्हा पाणी भरलं. मग खाली येऊन आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसले, मान वर करून, नजर हुकावर. दोन दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. हुकाशी डाग सुकत गेला, थेंब आला नाही.

तिसऱ्या दिवशी ते उठले, तेव्हा यशोदाने हुकाखालीच मळलेल्या पिठाची भाकरी पानावर घालून त्यांच्यापुढे ठेवली. सोवळ्याची बाई, पण स्वतः वाढलं. चांदभाईंनी आधी भाकरी उलटून पाहिली. "कोरडी हाय," ते म्हणाले. त्यांचे डोळे मात्र भरून आले.