सहा जणी आणि एक ओटा

सगळ्या गल्लीची ती आत्या. सख्ख्या भाच्यांनी हाक मारायला सुरुवात केली, मग दुकानदारांनी, मग डबेवाल्या सायकलस्वारानंही. स्वयंपाकघर म्हणाल तर एका खाटेएवढं. एक ओटा, दोन शेगड्या, एक मोरी आणि आत-बाहेर करायला एकच दार. त्यात एकटी आत्या गिरणीच्या दुपारच्या भोंग्याआत चाळीस डबे भरायची. भाजी चिरताना भात लागायचा, भाताकडे बघताना भाजी करपायची.

मग भाऊ वारला आणि वहिनी राहायला आली. एक चिरणार, एक शेगडी सांभाळणार. चाळीसाचे ऐंशी व्हावेत, तर झाले शंभर! वाढीव साठ डबे गिरणीत जाऊ लागले. आत्याला वाटलं, माणूस म्हणजे बरकत.

गिरणीचा मुकादम चव घेऊन म्हणाला, साठानं काय होतंय, दोनशे द्या. पंधरवड्यात जमवा. नाहीतर साठही दुसरीकडं लावीन, मला दोन ठिकाणी फेऱ्या मारायला वेळ नाही.

आत्यानं बोटांवर हिशेब केला. दोघींचे शंभर, म्हणजे दरडोई पन्नास. पाच जणींचे अडीचशे. गल्लीचे चाळीस, गिरणीचे दोनशे, वर दहा उरतात. "देते," ती म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

धाकटी जाऊ घरी बसलीच होती, तिला घेतलं. डबे एकशे चाळीस झाले. चांगलं झालं, पण वाढले ते पन्नासानं नाही, चाळीसानं. मग शेजारीण आली. आवाज असा, की गल्ली तिला भोंगा म्हणायची. तिच्यानं वीसच वाढले. आळशी नव्हती बिचारी. पण शेगड्या दोनच. भाजी चिरून तयार, तर पातेलं चढवायला जागा नाही. पाचवी जावेची सून. आल्या आल्या तिनं पदर खोचला आणि भांडी घासायला मोरीपाशी उभी राहिली, तेव्हापासून कोणाला पाणी घ्यायचं तर तिला आधी बाहेर काढावं लागे. पाच डबे वाढले. एकूण एकशे पासष्ट.

आत्याला वाटलं, पोरीच टंगळमंगळ करतायत. ती सगळ्यांवर खेकसली. भोंगा म्हणाली, "आत्या, मी सकाळपासून परात हातात धरून उभी आहे. ठेवू कुठं, तुमच्या डोक्यावर?"

घरमालकाकडं मागची खोली मागितली. त्यानं त्यात आपलं जुनं लाकूड भरलेलं. नाही म्हणाला आणि दार लावून घेतलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तशात मावसबहीण पिशवी घेऊन दारात आली. लेकानं घराबाहेर काढलेली. तिला काय परत पाठवायचं? आत्या मनाशी म्हणाली, एक हात वाढला तर वाढला.

दुसऱ्या दिवशी कढई दारातून न्यायची म्हणून तिघी बाहेर आल्या, तेवढ्यात भात करपला. कोपर लागून डाळीचं पातेलं ओट्याखाली गेलं. डबे भरले दीडशे. सहा जणी राबल्या आणि पाच जणींपेक्षा पंधरा कमी!

संध्याकाळी वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, एकीला बाहेर ठेवलं की पुन्हा नीट चालेल. कुणीही चालेल."

"कुणीही म्हणजे कोण, ते सांग."

वहिनीनं करपलेलं पातेलं घासायला ओढलं. नाव कुणाचं घेणार, सगळ्याच गरजेपोटी आलेल्या.

मग आत्याच सकाळी पायरीवर जाऊन बसली. आत खरंच वाट मोकळी झाली. पुन्हा एकशे पासष्ट भरले. आपण नसल्यानं पंधरा डबे वाढले, हे ऐकून हसावं की रडावं, तिला कळेना. पण भोंगा गेली असती, सून गेली असती, तरी तेच झालं असतं. दोष माणसात नव्हता. ओटा काही वाढत नव्हता. आणि एकशे पासष्टचे दोनशे चाळीस तर काही केल्या होत नव्हते.

पंधरवडा सरला. मुकादम आला, पायरीवर बसलेल्या आत्याला बघून म्हणाला, "मालकीण बाहेर, म्हणजे काम जोरात दिसतंय."

"जागा असती तर दिले असते, दादा."

"माणसं तर भरपूर दिसतायत."

माणसं भरपूर होती, हीच तर अडचण. मुकादमानं साठही काढून घेतले. गल्लीचे चाळीस तेवढे राहिले. एकटीनं भरायची, तेवढेच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाचही जणी स्वयंपाकघराच्या दाराशी हजर. मावसबहीण तर पदर खोचूनच आली होती. आता काम उरलं नाही, घरी जा, असं सांगायचं आत्यानं रात्रभर ठरवलं होतं.

पण ती ओट्याला चिकटून उभी राहिली आणि म्हणाली, "या. सरकून घ्या."