सात वर्षांची घसरण

उत्तरेश्वर कदम मूळचा कळंबचा, पण भोसरीच्या एका कंपनीत मशीन दुरुस्त करता करता पुणेकर झालेला. घटस्फोटानंतर विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहायचा. डेटिंग अ‍ॅपवर खातं उघडताना जन्मसालाची चकती त्याने बोटाने फिरवली. १९८२ हे खरं साल आलं, तिथे तो थांबलाच नाही. १९८९ वर थांबला. अ‍ॅपने छत्तीस वय लावलं आणि उत्तरेश्वरला आरशातही तसंच दिसायला लागलं.

मग पूर्णिमा मोडकशी मॅच झाली. वय एकोणचाळीस, सदाशिव पेठेत दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये नोकरी. आठवडाभर गप्पा छान चालल्या. एकदा जुन्या मोबाइलचा विषय निघाला आणि उत्तरेश्वर रंगात आला. "२००२ साली पहिल्या पगारात नोकिया घेतला होता. सापाच्या गेममध्ये मला कुणी हरवायचं नाही."

पलीकडून उत्तर आलं, "म्हणजे तेराव्या वर्षी नोकरी. बालमजुरीची तक्रार कुठे करायची, सांगता का?"

"अहो, टायपिंग मिस्टेक झाली असेल," उत्तरेश्वरने लिहिलं.

"ब्याऐंशीवरून एकोणनव्वद. बोट सात वेळा घसरलं?"

"ब्याऐंशी कसं कळलं?"

"नव्हतं कळलं नक्की. पहिला पगार विसाव्या वर्षी धरला. आत्ता तुम्हीच सांगितलंत."

त्याने कबूल केलं, की वय मुद्दाम कमी टाकलं. चाळिशी दिसली की बायका पुढच्या प्रोफाइलकडे सरकतात असं वाटलं.

"आणि तुमच्या नावापुढची ती निळी खूण? मी तिच्यावर विश्वास ठेवला होता."

"ती सेल्फीची. फोटोतला माणूस मीच आहे एवढंच ते तपासतात. वय कुणी विचारत नाही."

"छान. आधी दुरुस्त करा, मग बोलू."

एका मिनिटाचं काम, असं त्याला वाटलं. त्याने प्रोफाइल उघडलं. नोकरी बदलता येत होती, उंची, गाव, आवडीनिवडी, सगळं. वयाला मात्र हात लावता येईना. मदतीच्या पानावर लिहिलं होतं, की वय जन्मतारखेवरून ठरतं, ते स्वतः बदलता येत नाही, आम्हाला कळवा. कंपनीतल्या सलिलने सोपा उपाय सांगितला, "खातं डिलीट करा, नवीन उघडा."

"मग जुन्या मॅच?"

"त्या जातात की."

पूर्णिमा जाणार म्हटल्यावर तो उपाय बाद झाला. उत्तरेश्वरने मदतीला मेल केला. उत्तर आलं, जन्मतारीख दिसेल असं ओळखपत्र पाठवा, बाकीचे आकडे झाका. त्याने आधारचा नंबर अंगठ्याने झाकून फोटो काढला; अंगठ्याने जन्मतारीखही झाकली. पुन्हा पाठवा, असा मेल आला. दुसऱ्या वेळी नंबरावर कागदाची पट्टी लावली.

उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं नाही, असं त्याने ठरवलं. माहितीच्या रकान्यात तो बदल करू शकत होता. तिथे लिहिलं, 'वर दिसतंय ते वय खोटं आहे, मीच टाकलंय. खरं त्रेचाळीस. दुरुस्तीसाठी कळवलंय.'

चार दिवसांनी वय बदललं. त्याने मोठ्या अभिमानाने पूर्णिमाला आधारचा फोटो पाठवला.

"एक जून? तुमच्याकडे सगळे एक जूनलाच जन्मतात का?"

"शाळेत मास्तरांनी लिहिली. आई म्हणते, मी आदल्या दिवाळीचा. म्हणजे खरं चव्वेचाळीस. पण त्याचा कागद नाही, अ‍ॅपवर त्रेचाळीसच राहणार."

हे सांगायची काय गरज होती, असं त्याला वाटून गेलं.

"हे कुणी विचारलं नव्हतं," तिने लिहिलं.

"तरी सांगितलं."

नवे लाइक जवळजवळ बंदच झाले. बहुतेकींनी वयाची मर्यादा चाळीसवर ठेवलेली. त्यांना तो आता दिसतच नव्हता. पूर्णिमाचीही मर्यादा बेचाळीसची होती. "आज शोधलं असतं तर सापडला नसतात," ती म्हणाली. "जुनी मॅच आहे म्हणून चॅट उरलंय. रविवारी स्वारगेटला चहा घेऊ. पैसे अर्धे अर्धे."

चहा येताच तिने त्याच्या हसण्याकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं. "खालचे दात पन्नाशीचे आहेत. तंबाखू?"

"सोडली. दोन वर्षं झाली."

"हे खरं?"

"सलिलला विचारा."

"सलिल तुमचाच मित्र ना?" ती हसली, मग गंभीर झाली. "खोटं बोललात ते मी विसरलेले नाही. पुढचं काही ठरवत नाही आत्ता."

"नका ठरवू," उत्तरेश्वर म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला जाणवलं, की कित्येक दिवसांत आपण इतके निवांत बसलो नव्हतो.

पूर्णिमाने वेटरला हाक मारली आणि आणखी दोन चहा सांगितले.